दीड हजारांच्या विक्रीतले पस्तीस रुपये चाळीस पैसे

तबलावादनाचा १,५०० रुपयांचा व्हिडिओ अभ्यासक्रम स्वतःच्या संकेतस्थळावरून विकला, तर विक्रेत्याच्या बँक खात्यात १,५०० रुपये जमा होत नाहीत. भारतातल्या पेमेंट गेटवेंचा देशांतर्गत व्यवहारांसाठीचा जाहीर दर साधारण दोन टक्के असतो आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो; दोन हजार रुपयांपर्यंतच्या कार्डव्यवहारांत मात्र तो माफ आहे. म्हणजे नेटबँकिंगने पैसे आले तर ३० रुपये शुल्क आणि ५ रुपये ४० पैसे कर. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात १,४६४ रुपये ६० पैसे येतात. परदेशी कार्डावर दर बहुधा तीन टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे तीच विक्री आणखी महाग पडते.

हिशेबाच्या वहीत मात्र विक्री १,५०० रुपयांचीच लिहायची आणि ३५ रुपये ४० पैसे खर्चात दाखवायचे. खात्यात आलेली रक्कम हीच विक्री समजून नोंद करणारे अनेक लहान विक्रेते वर्षअखेरीस अडचणीत येतात, कारण गेटवे अनेक व्यवहारांची रक्कम एकत्र करून, त्यातून शुल्क आणि परतावे वजा करून एकच आकडा पाठवतो. कोणत्या विक्रीचे किती, हे फक्त गेटवेच्या सेटलमेंट अहवालात कळते. तो दर महिन्याला उतरवून ठेवलेला बरा. विक्रेता जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर शुल्कावरचे ५ रुपये ४० पैसे त्याला कराच्या वजावटीत मिळू शकतात. नोंदणी नसेल तर तो निव्वळ खर्च ठरतो.

यूपीआयबद्दल एक गैरसमज आहे. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरचा व्यापारी शुल्काचा दर १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे, हे खरे. पण ते शुल्क बँकांच्या व्यवस्थेतले. गेटवे स्वतःच्या सेवेसाठी वेगळी आकारणी करू शकतो आणि अनेक गेटवे करतात. त्यामुळे करारातले दरपत्रक वाचल्याशिवाय यूपीआयची विक्री फुकट धरू नये.

विक्रीनंतरची पहिली तक्रार बहुतेक वेळा अशी असते : ‘पैसे कापले गेले, पण लिंक आली नाही.’ यात विक्रेत्याला पैसे मिळालेलेच नसण्याची शक्यता मोठी असते. ग्राहकाच्या बँकेने रक्कम कापली, पण संमतीचा निरोप गेटवेकडे वेळेत पोहोचला नाही, किंवा पोहोचला तरी विक्रेत्याच्या प्रणालीने ती रक्कम स्वीकारली नाही. काही गेटवेंच्या पडद्यावर असा व्यवहार `authorized` दिसतो आणि पैसे खरोखर स्वीकारले गेल्यावर `captured` होतो. पहिल्या अवस्थेत अडकलेली रक्कम ठरावीक मुदतीनंतर आपोआप ग्राहकाकडे परत जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण व्यापाऱ्याकडे खात्री पोहोचली नाही अशा व्यवहारात रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत उलटवावी लागते. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते.

अशी तक्रार आली की घाईने स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवणे ही चूक ठरते. बँकेची रक्कम आपोआप परत गेली, तर ग्राहकाला दुप्पट मिळते. आधी व्यवहाराची अवस्था पाहायची, मगच उत्तर द्यायचे. शिवाय लिंक पाठवण्याचे काम ग्राहकाच्या ब्राउझरवर सोडायचे नाही. पैसे दिल्यावर ग्राहकाने खिडकी बंद केली किंवा नेट गेले, तर ‘धन्यवाद’चे पान उघडतच नाही. गेटवे विक्रेत्याच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे जो निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. त्या निरोपाची सही तपासून, त्यावरूनच लिंक पाठवली की अशा तक्रारी बऱ्याच कमी होतात.

पैसे खरोखर जमा झाले आणि ग्राहकाने ते परत मागितले, तर तो रिफंड. तो नेहमी गेटवेतूनच, मूळ व्यवहारावरच करायचा, म्हणजे त्याची नोंद त्या विक्रीशी जोडलेली राहते. इथे नव्या विक्रेत्याला धक्का बसतो : ग्राहकाला पूर्ण १,५०० रुपये जातात, पण आधी कापलेले ३५ रुपये ४० पैसे बहुतेक गेटवे परत देत नाहीत. ज्या विक्रीतून काहीच मिळाले नाही, तिचा खर्च मात्र विक्रेत्याच्या पदरात राहतो. रक्कमही विक्रेत्याच्या गेटवेतल्या शिल्लक रकमेतून वळती होते. महिन्यात विक्री कमी असेल आणि शिल्लक आधीच बँकेत गेली असेल, तर रिफंड अडकून राहू शकतो.

कार्डावर रिफंड पोहोचायला साधारण पाच ते सात कामकाजाचे दिवस लागतात. तेवढ्यात ग्राहक चिडतो आणि बँकेकडे धाव घेतो. म्हणून रिफंड करतानाच अपेक्षित मुदत ईमेलने कळवावी. गेटवेतून त्या परताव्याचा एआरएन नावाचा २३ अंकी संदर्भ क्रमांक मिळत असेल, तर तोही द्यावा, कारण ग्राहकाच्या बँकेला रक्कम शोधायला तोच उपयोगी पडतो. परदेशातल्या ग्राहकाला आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. परतावा रुपयांत होतो आणि त्या दिवसाच्या दराने त्याच्या चलनात बदलतो, त्यामुळे त्याच्या हाती थोडी कमी-जास्त रक्कम पडू शकते.

डिजिटल वस्तू परत येत नाही. पुस्तक विकणारा प्रत परत मागू शकतो, पण उतरवलेली फाइल परत मागून काही उपयोग नसतो. म्हणून ‘रिफंड मिळणार नाही’ अशी पाटी लावण्याचा मोह होतो. ही पाटी फार काळ वाचवत नाही. फाइल उघडतच नसेल किंवा वर्णनापेक्षा वेगळी असेल, तर ग्राहकाची मागणी रास्तच असते. शिवाय दार बंद दिसले की तो बँकेच्या दाराशी जातो. ‘सात दिवसांत आणि पहिल्या दोन धड्यांपेक्षा जास्त पाहिले नसेल तर पूर्ण रक्कम परत’ असा मोजता येणारा नियम जास्त टिकतो. तो पैसे देण्याच्या पानावरच दिसावा आणि ग्राहकाने स्वतः खूण करून मान्य करावा. आधीच खूण केलेली चौकट २०२० च्या ई-वाणिज्य नियमांना मान्य नाही.

चार्जबॅकमध्ये ग्राहक विक्रेत्याला न विचारता थेट आपल्या बँकेकडे तक्रार करतो. रक्कम गेटवेमार्फत विक्रेत्याकडून काढून घेतली किंवा अडकवली जाते आणि मग पुरावा मागितला जातो. मुदत लांब असते. बहुतेक कारणांसाठी कार्ड जाळ्यांच्या नियमांत ती १२० दिवसांची आहे. विक्रेत्याला उत्तरासाठी मात्र मोजकेच दिवस मिळतात. काही गेटवे प्रत्येक चार्जबॅकवर वेगळे शुल्कही घेतात. स्ट्राइपचे अमेरिकेतले शुल्क १५ डॉलर आहे, म्हणजे आपल्या अभ्यासक्रमाच्या किमतीच्या जवळपास.

भारतीय कार्डावर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ ही तक्रार विक्रेत्यावर सहसा टिकत नाही. ऑगस्ट २००९ पासून देशांतर्गत ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची आहे. आज ती बहुधा ओटीपीने होते. पडताळणी झालेल्या व्यवहारातल्या फसवणुकीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. परदेशी कार्डावर अशी सक्ती सगळीकडे नाही. अनेक अमेरिकी कार्डांवर फक्त कार्डाचा तपशील भरून पैसे जातात. परदेशातल्या मराठी माणसांना अभ्यासक्रम विकणाऱ्याची खरी जोखीम इथे आहे.

कल्पना करू की न्यू जर्सीतल्या एका ग्राहकाने ४ मार्चला अभ्यासक्रम घेतला आणि २ जूनला, ९० व्या दिवशी, चार्जबॅक आला. आधी पाहायचे ते कारण. व्हिसाच्या यादीत १३.१ म्हणजे ‘सेवा मिळाली नाही’ आणि १०.४ म्हणजे ‘कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक’. उत्तर त्या कारणालाच द्यावे लागते.

कारण १३.१ असेल, तर विक्रेत्याची बाजू भक्कम आहे. लिंकचा ईमेल ४ मार्चच्या रात्री पोहोचला, त्याच रात्री त्या पत्त्याने लॉगिन झाले, १२ पैकी सात धडे पाहिले गेले आणि शेवटचा धडा १९ एप्रिलला पाहिला. डिजिटल विक्रीत कुरियरची पावती नसते. तिच्या जागी ही नोंदवही असते. तारीख, वेळ, आयपी पत्ता आणि धड्याचे नाव एका पानावर मांडून, सोबत मान्य केलेल्या अटींचा पुरावा जोडून पाठवायचा. लांबलचक खुलासा वाचला जात नाही.

कारण १०.४ असेल, तर हीच नोंदवही अपुरी पडते. धडे कोणीतरी पाहिले हे तिने सिद्ध होते, पण पाहणारा कार्डधारकच होता हे सिद्ध होत नाही. व्हिसाच्या एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार, त्याच कार्डावर आधी झालेले आणि वाद न झालेले किमान दोन व्यवहार, १२० दिवसांहून जुने, आणि त्यांत आयपी पत्ता किंवा उपकरण यांसारख्या खुणा जुळत असतील, तर विक्रेता जिंकू शकतो. पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकाबाबत असे काही दाखवता येत नाही. ती रक्कम गेली असे समजून वाद मान्य करणे शहाणपणाचे, कारण वाद पुढे लवादापर्यंत नेला तर त्याचे शुल्क शेकडो डॉलरांत जाते.

‘फसवणूक’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत एक मोठा भाग खऱ्या ग्राहकांचाच असतो. स्टेटमेंटवरचे नाव त्यांना ओळखू येत नाही. संकेतस्थळाचे नाव एक आणि खाते मालकाच्या वैयक्तिक नावावर, असे असले की तीन महिन्यांनी स्टेटमेंट पाहणारा माणूस गोंधळतो. स्टेटमेंटवर कोणते नाव दिसेल हे गेटवेला विचारून बदलून घेता येते. खरेदीच्या ईमेलमध्येही ‘तुमच्या स्टेटमेंटवर हे नाव दिसेल’ अशी एक ओळ घालावी.

सर्वांत महाग चूक चार्जबॅक आल्यानंतर होते. ग्राहक फोन करून पैसे मागतो आणि विक्रेता भलेपणाने रिफंड करतो. बँकेने रक्कम आधीच उलटवलेली असते, त्यामुळे ३,००० रुपये जातात आणि दुसरे १,५०० परत मिळवायला स्वतंत्र पाठपुरावा करावा लागतो. वाद सुरू झाल्याचा निरोप आला की रिफंडचे बटण दाबायचे नाही. पैसे द्यायचेच असतील, तर गेटवेच्या पडद्यावर वाद मान्य करायचा आणि रक्कम बँकेच्या वाटेनेच जाऊ द्यायची.