तीनच गणपती, पण निवांत

‘दोन दिवसांत अष्टविनायक’ ही सहलींच्या जाहिरातींतली जुनी ओळ. पुण्याहून निघून आठही ठिकाणं करून परतायचं म्हटलं, तर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. या रस्त्यांवर बस सरासरी ताशी 40 किलोमीटरनं चालली तरी सोळा तास नुसते सीटवर जातात. म्हणजे दिवसाला आठ तास बसणं आणि उरलेल्या वेळात चार देवळं. चाळिशीतल्या माणसाला हे जमतं. पंचाहत्तरीच्या माणसाच्या मात्र संध्याकाळपर्यंत पावलांना सूज येते, आणि शेवटची दोन देवळं तो बसच्या खिडकीतूनच हात जोडून उरकतो.

म्हणून ज्येष्ठांच्या सहलीचं पत्रक हातात आलं की ‘आरामदायी’ हा शब्द कुठे आहे ते शोधू नये, वेळापत्रक वाचावं. आराम पुशबॅक सीटपेक्षा वेळापत्रकावर जास्त अवलंबून असतो.

शनिवार-रविवारच्या एका सहलीचा आराखडा पाहू. आठांऐवजी तीनच गणपती घेतले: रांजणगावचा महागणपती, ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज. शनिवारी सकाळी आठला, म्हणजे चहा-नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या घरीच आटोपून, पुण्याहून निघायचं. रांजणगाव नगर रस्त्यावरच आहे, पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे पहिलाच टप्पा लहान होतो. दर्शन झालं की तिथेच जेवण, आणि मग ओझरकडे. दुपारी चारच्या सुमाराला मुक्कामी पोचून थोडं पडायचं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर देवळात जायचं आणि आरतीपर्यंत तिथेच बसायचं. ज्या देवळाला वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी सोन्याचा कळस चढवल्याचं सांगतात, ते देऊळ अशा वेळी नीट डोळे भरून पाहता येतं.

रविवारची सकाळ लेण्याद्रीसाठी. ओझरहून ते पंधराएक किलोमीटरवर आहे, पण खरा प्रश्न तिथल्या पायऱ्यांचा. बौद्ध लेण्यांच्या रांगेत वसलेल्या या गणपतीपर्यंत तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून मुक्काम जवळ ठेवायचा आणि ऊन तापण्याआधी चढायला लागायचं. अर्थात प्रत्येकानं चढलंच पाहिजे असं नाही. डोली मिळते, पण तिचे पैसे सहलीच्या शुल्कात आहेत की वेगळे, हे पत्रकात स्पष्ट हवं. ज्यांना डोलीतही बसायचं नाही, त्यांच्यासोबत खाली कोण थांबणार, तेही लिहिलेलं हवं. ही ओळ नसली की काय होतं? ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणत गुडघे दुखणारी आजी निघते आणि अर्ध्या वाटेवर बसते. मग वरही जाता येत नाही आणि खालीही. उतरणं तर गुडघ्यांना चढण्यापेक्षा जड जातं.

दुसरी बारकाईनं पाहायची गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. वाटेत सोय नसेल या भीतीनं अनेक ज्येष्ठ, विशेषतः बायका, आदल्या रात्रीपासूनच पाणी तोडतात. रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणारे ती गोळीच टाळतात. उन्हाच्या दिवसांत पाणी तोडलेल्या माणसाला देवळाच्या रांगेत चक्कर येते, आणि सगळे म्हणतात, ऊन लागलं. म्हणून दर दीड तासाला थांबा हवा, आणि तो कमोड असलेल्या ठिकाणीच. प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा धरावा. चाळीस जणांना बसमधून उतरून पुन्हा चढायलाच त्यातला निम्मा वेळ जातो. पंचवीस जणांची तुकडी असेल तर सगळंच सोपं होतं.

जेवणाची वेळ हा मधुमेहींसाठी सोयीचा भाग नसून औषधाचाच भाग आहे. इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेतली आणि एकचं जेवण तीनवर गेलं, तर घाम फुटतो, हात थरथरतात. तेव्हा पत्रकात ‘दुपारचे जेवण’ एवढंच न लिहिता किती वाजता आणि कुठे, तेही द्यावं. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत आणि दोघांत एक, हेही त्यातच यावं.

तारीख निवडताना संकष्टी शनिवार-रविवारी येत असेल तर तो आठवडा सोडावा. त्या दिवशी रांग इतकी लांबते की कितीही सैल आखलेलं वेळापत्रक कोलमडतं.

पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करून तीन प्रश्न विचारावेत. बसमध्ये एका वेळी सलग जास्तीत जास्त किती वेळ बसावं लागेल? लेण्याद्रीला जे चढणार नाहीत त्यांची व्यवस्था काय? आणि ऐनवेळी तब्येत बिघडून जाता आलं नाही, तर किती पैसे परत मिळतील? ज्यानं अशी सहल खरोखर नेली आहे, तो तिन्ही उत्तरं चटकन देतो. ‘काळजी करू नका, सगळं होईल’ असं उत्तर आलं, तर दुसरा आयोजक शोधावा.