इस्त्री ओळखायची तिच्या भोकांवरून

इस्त्रीचा फोटो समोर आला की नजर आधी आकाराकडे जाते. पुढे टोक, मागे रुंद, वर मूठ. पण हा आकार तिन्ही इस्त्र्यांचा सारखाच. रंगावरूनही फारसं ठरत नाही, कारण काळी इस्त्री कोळशाची असते तशी विजेचीही असते. खरा फरक भोकांत आहे. इस्त्रीला हवा लागते का, पाणी लागतं का, यावर तिला भोकं कुठे असायची हे ठरतं. म्हणून फोटोत आधी भोकं शोधावीत.

कोळशाची इस्त्री म्हणजे पितळेची किंवा बिडाची पोकळ पेटी. तिचं झाकण बिजागरीवर उघडतं आणि पुढच्या बाजूला कडीने किंवा खटक्याने बंद होतं. आत निखारे असतात आणि ते पेटते राहायला खालून हवा लागते. त्यासाठी दोन्ही बाजूंना, तळाच्या थोडं वर, भोकांची रांग असते. ती अगदी तळात असती तर राख थेट कपड्यावर सांडली असती. गरम हवा वर जाते आणि मूठ तापते, म्हणून मूठ लाकडाची असून दोन उंच दांड्यांवर बसवलेली दिसते. उंच पेटी, झाकणाची फट, बाजूची भोकं आणि लाकडी मूठ या चार गोष्टी एकत्र दिसल्या की शंका उरत नाही. मात्र पेटी आहे पण बाजूला एकही भोक नाही, आणि मागे वर सरकणारं दार आहे, तर ती वेगळी जात. तिच्यात निखारे न घालता चुलीत तापवलेला लोखंडी ठोकळा सरकवत.

विजेच्या साध्या इस्त्रीला हवाही नको आणि पाणीही नको. त्यामुळे तिचं अंग बंद असतं आणि तळ सलग, गुळगुळीत असतो. मागून वायर निघते. मुठीखाली तापमानाची गोल चकती असते आणि बहुतेकदा एक छोटा दिवाही. फार जुन्या विजेच्या इस्त्रीला चकती नसते, मागे फक्त वायर जोडायच्या पिना दिसतात. तळाच्या कडेला कधी कधी एक खाच असते. ती शर्टाच्या बटणांभोवती फिरायला सोय म्हणून केलेली असते, तिला वाफेचं भोक समजू नये.

वाफेच्या इस्त्रीची भोकं तळात असतात. पोटातल्या टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने तापलेल्या भागावर पडतं, त्याची वाफ होते आणि ती तळातून बाहेर येते. वरून पाहिलं तर पाणी भरायचं झाकण, पारदर्शक टाकी, वाफ कमी-जास्त करायचं बटण आणि टोकाजवळ फवाऱ्याची तोटी दिसते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. काही इस्त्र्यांना टाकी आणि फवारा असतो, पण तळ मात्र कोरा असतो. त्या कपडा ओला करतात, वाफ सोडत नाहीत. तळाचा फोटो असेल तर भोकांभोवतीचा पांढुरका थरही पाहावा. तो कठीण पाण्यातल्या क्षारांचा असतो आणि इस्त्री वाफेवर वापरली गेल्याचा तो पुरावा आहे.

आता एक अवघड फोटो घेऊ. लॉन्ड्रीतल्या टेबलावर एक काळी, उंच, जड इस्त्री आहे. मूठ लाकडी, बाजू सावलीत, आणि मागून काहीतरी लांब लोंबतंय. घाईत पाहिलं तर वायर वाटते आणि विजेची इस्त्री ठरवून आपण मोकळे होतो. पण विजेच्या साध्या इस्त्रीला इतकी उंच पेटी कशाला लागेल? मग लोंबणारी वस्तू नीट पाहावी. वायर बारीक असते आणि इस्त्रीत शिरते तिथे वाकून तुटू नये म्हणून तिला लवचीक टोपण असतं. ही मात्र जाड, नारिंगी रबरी नळी आहे आणि टेबलाखाली सिलिंडरकडे जाते. म्हणजे ही गॅसवरची इस्त्री. पेटी कोळशाच्या इस्त्रीसारखीच, फक्त आत निखाऱ्यांऐवजी बर्नर. फोटो उजळ केला तर बाजूची भोकंही दिसतील, कारण ज्योतीलाही हवा लागते.

उलट, वायर दिसत नाही म्हणून इस्त्री विजेची नाही असंही म्हणता येत नाही. बैठकीवर ठेवून तापवायच्या बिनवायरच्या वाफेच्या इस्त्र्याही मिळतात. जुन्या छायाचित्राच्या सालाचा आधार एकाच बाजूने घेता येतो. विजेच्या इस्त्रीचं पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी 1882 साली घेतलं, तेव्हा त्याआधीच्या फोटोत ती असण्याचा प्रश्नच नाही. पण त्यानंतरच्या सालावरून काही ठरत नाही, कारण कोळशाची इस्त्री विजेच्या बरोबरीनेच चालत राहिली.

जुनी इस्त्री विकत घेताना किंवा कुणाला ओळखायला पाठवताना म्हणून तीन फोटो लागतात: बाजूचा, मागचा आणि तळाचा. बाजूच्या फोटोत हवेची भोकं कळतात, मागच्यात वायर, नळी की दार हे कळतं आणि तळाच्या फोटोत वाफ आहे की नाही ते कळतं. समोरून काढलेल्या देखण्या फोटोत नेमक्या या तिन्ही गोष्टी झाकल्या जातात.