पन्नास फेऱ्यांचा टोल पास: कुणाला परवडतो, कुणाला नाही

मागच्या भाषणात आपण गटाच्या गाडीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज त्याच गाडीच्या दुसऱ्या खर्चाबद्दल बोलायचं आहे. तो म्हणजे टोल, आणि टोलचा मासिक पास.

आमच्याकडे साताऱ्याजवळच्या एका गटाचा हिशोब तपासायला आला होता. या बायका पहाटे भाजी घेऊन पुण्याच्या मंडईत जातात. त्यासाठी त्यांनी कर्ज काढून छोटा हत्ती घेतला. गाडी साताऱ्याला नोंदवलेली, पिवळ्या पाटीची. वाटेत दोन टोल नाके लागतात. आनेवाडीचा नाका सातारा जिल्ह्यात आहे आणि खेड शिवापूरचा पुणे जिल्ह्यात. कुणीतरी सांगितलं, "मासिक पास काढा, महिनाभर टोल विसरा." गटाने दोन्ही नाक्यांचे पास काढले आणि खरंच टोल विसरला. बाविसाव्या दिवशी पहाटे खेड शिवापूरला गाडीपुढचा दांडा वर झालाच नाही. फास्टॅगात पैसे नव्हते. ड्रायव्हरकडे फक्त रोख होती, त्यामुळे दुप्पट टोल भरून गाडी काढावी लागली. गटाला वाटलं, आपल्याला फसवलं. आम्ही वही उघडून बसलो तेव्हा कळलं की फसवलं कुणीच नव्हतं. पासाच्या अटीच कुणी वाचल्या नव्हत्या.

पहिली चूक झाली ती "फेरी" या शब्दात. आपल्या बोलण्यात फेरी म्हणजे जाऊन येणं. पासाच्या नियमात तसं नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांत मासिक पास हा पन्नास एकेरी फेऱ्यांचा आहे. गाडीने नाका एकदा ओलांडला की एक फेरी संपली. जाताना एक आणि येताना एक, म्हणजे पुण्याला एकदा जाऊन आलं की दोन गेल्या. पन्नास फेऱ्या म्हणजे पंचवीस वेळा जाऊन येणं, एवढंच. या गटाची गाडी एकवीस दिवस रोज गेली, त्यात चार दिवस दुपारीही दुसरी खेप झाली. एकवीस दुणे बेचाळीस, आणि चार खेपांचे आठ, झाले पन्नास. बाविसाव्या दिवशीची पहाट ही एक्कावन्नावी फेरी होती.

एक्कावन्नाव्या फेरीला काय होतं? दंड नसतो. गाडीही कुणी अडवत नाही. पास नसलेल्या गाडीला जो साधा टोल असतो, तोच फास्टॅगमधून कापला जातो. पण त्यासाठी टॅगात पैसे हवेत. गटाने "पास आहे, मग पैसे कशाला अडकवायचे" म्हणून खातं रिकामं ठेवलं होतं, म्हणून पंचाईत झाली. चालू फास्टॅग नसेल किंवा त्यात पुरेसे पैसे नसतील, तर २०२५ मध्ये रोखीने दुप्पट टोल घेत. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरला तर सव्वापट लागतो. म्हणून पास असला तरी टॅगात चार-पाच टोलांइतके पैसे कायम ठेवावेत.

पासाची मुदत पैसे भरल्यापासून एक महिना. पन्नास फेऱ्या आधी झाल्या तर पास आधी संपतो. महिना आधी संपला तर उरलेल्या फेऱ्या बुडतात, त्या पुढच्या महिन्यात जात नाहीत. पास ज्या नाक्याचा असेल त्याच नाक्यावर चालतो. वाटेत दोन नाके असतील तर दोन वेगळे पास आणि दोन वेगळे हिशोब.

आता खरा प्रश्न, पास परवडतो का. पासाची किंमत पन्नास एकेरी टोलांच्या दोन तृतीयांश असते. हिशोब सोपा व्हावा म्हणून एकेरी टोल ९० रुपये धरू. तुमच्या नाक्याचा आकडा वेगळा असेल, तो नाक्यावरच्या दरफलकावर पाहायचा. दर साधारण दरवर्षी १ एप्रिलला बदलतात. नव्वद गुणिले पन्नास, ४,५०० रुपये. त्याचे दोन तृतीयांश, ३,००० रुपये. पंधराशे वाचले असं वाटतं, आणि सगळे इथेच भुलतात.

कारण पास नसतानाही एक सवलत असतेच. चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलं तर जाऊन-येऊन मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही. म्हणजे १८० ऐवजी १३५ रुपये. पहाटे जाऊन दुपारी परतणाऱ्या आपल्या गाड्यांना ही सवलत रोज लागू होते. म्हणून पासाची तुलना १८० शी नाही, १३५ शी करायची. बावीस दिवस गाडी गेली तर बिनपासाचा खर्च होतो २,९७० रुपये, म्हणजे पासापेक्षा तीस रुपये कमीच. तेवीस दिवस गेली तर ३,१०५, तिथे पास स्वस्त पडायला लागतो. पंचवीस दिवस गेली तर ३,३७५, म्हणजे पासामुळे ३७५ रुपये वाचले. या पासातून एका महिन्यात जास्तीत जास्त एवढंच वाचतं. गाडी वीसच दिवस गेली तर बिनपासाचे २,७०० झाले असते आणि पासात ३०० रुपये बुडाले.

टोल कितीही असला तरी हा तेवीस दिवसांचा हिशोब बदलत नाही, कारण दोन्ही रकमा त्याच टोलावरून काढलेल्या असतात. रक्कम पाच रुपयांच्या पटीत करतात त्यामुळे थोडा फरक पडेल तेवढाच. तेव्हा लक्षात ठेवायला एकच आकडा: महिन्यात तेवीस दिवस जाऊन येणं होणार असेल तरच पास. ज्यांची गाडी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उशिरा परतते, त्यांना परतीची सवलत मिळत नाही. त्यांना मात्र चौतिसाव्या एकेरी फेरीपासूनच पास परवडतो.

आता गटाच्या आनेवाडीच्या पासाकडे वळू. तिथे जास्त नुकसान झालं. धंद्याची गाडी ज्या जिल्ह्यात नोंदवलेली आहे, त्याच जिल्ह्यात नाका असेल तर तिला निम्मा टोल असतो. नॅशनल परमिटवर चालणाऱ्या गाडीला ही सवलत नाही, इतर धंद्याच्या गाड्यांना आहे. दरफलकावर याचा वेगळा रकाना असतो. गटाची गाडी साताऱ्याची आणि आनेवाडीचा नाका सातारा जिल्ह्यातला. म्हणजे ९० ऐवजी ४५ रुपये. सव्वीस दिवस जाऊन येण्याच्या बावन्न फेऱ्यांचे होतात २,३४० रुपये. पासाचे ३,००० आणि वरच्या दोन फेऱ्यांचा परतीच्या सवलतीसह टोल १३५, मिळून ३,१३५. म्हणजे पास काढून गटाचे ७९५ रुपये जास्त गेले. निम्मा टोल हा दोन तृतीयांशापेक्षा कमीच असतो, त्यामुळे आपल्याच जिल्ह्यातल्या नाक्याचा पास धंद्याच्या गाडीला कधीच परवडत नाही. ही सवलत आपोआप मिळते असं धरून बसू नका. गाडीचं आरसी घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात जा आणि विचारा. नंतर दोन दिवस मोबाईलवर येणाऱ्या संदेशात किती कापले ते बघा.

खेड शिवापूरचा नाका पुणे जिल्ह्यात, तिथे साताऱ्याच्या गाडीला निम्मा दर नाही. गाडी महिन्यात पंचवीस-सव्वीस दिवस जाते, म्हणून तिथला पास योग्यच होता. आता हा गट तिथला पास काढतो आणि आनेवाडीला जिल्ह्याची सवलत घेतो.

गाडीचा वर्गही पाहून घ्या. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या हलक्या गाड्या नियमात कार-जीपच्या वर्गात येतात. छोटा हत्ती त्या वर्गात मोजला जातो. टॅग देताना वर्ग चुकीचा नोंदवला गेला तर दर वेळी मोठ्या टेम्पोचा टोल कापला जातो आणि पासही महाग पडतो. कापलेली रक्कम आणि दरफलकावरची तुमच्या वर्गाची रक्कम जुळत नसेल, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे आरसी देऊन वर्ग दुरुस्त करून घ्या. पास शिल्लक असताना पैसे कापले गेले तर महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

काही मैत्रिणींच्या घरी स्वतःची पांढऱ्या पाटीची कार असते. त्यांनी या पन्नास फेऱ्यांच्या पासाकडे वळूच नये. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना बिनधंद्याच्या गाडीसाठी स्थानिक पास मिळतो. २०२५-२६ साली त्याचा दर महिन्याला ३५० रुपये होता आणि त्यात फेऱ्यांचा आकडा घातलेला नाही. सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर तो मिळत नाही. हा पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो, म्हणून वीस तारखेला न काढता एक तारखेला काढावा. लांब राहणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आला. सुरुवातीला त्याची किंमत ३,००० रुपये ठेवली. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तिथेही नाका एकदा ओलांडला की एक फेरी. दोनशे संपल्या की टॅग पुन्हा साधा होतो आणि पूर्ण टोल कापतो. हे दोन्ही पास पिवळ्या पाटीच्या गाडीला मिळत नाहीत. आणि वार्षिक पास मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग अशा राज्याच्या रस्त्यांवर चालत नाही.

त्या गटाने आता गाडीत एक छोटी वही ठेवली आहे. ड्रायव्हर नाका ओलांडला की एक रेघ मारतो, पाच रेघांचा एक गठ्ठा. आठ गठ्ठे झाले की तो कोषाध्यक्ष ताईंना फोन करतो. मग ताई टॅगात पैसे भरतात आणि पुढचा महिना किती दिवसांचा जाणार ते बघून नवा पास काढायचा की नाही ते ठरवतात. मागच्या महिन्यात सणामुळे मंडई काही दिवस बंद राहणार होती, तेव्हा त्यांनी पास काढला नाही. एकोणीस दिवसांचे २,५६५ रुपये झाले. पास काढला असता तर ४३५ रुपये बुडाले असते.

तुमच्या गटाची गाडी असेल तर मागच्या महिन्याचे टोलचे संदेश काढा आणि प्रत्येक नाक्याच्या फेऱ्या वेगळ्या मोजा. तो आकडा घेऊन गटाच्या बैठकीला या, पासाचा हिशोब तिथेच पाच मिनिटांत होईल.