एकाच ब्रेकवर टांगलेले दोन पहारे

भोसरी, चाकण किंवा सातपूरच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये पाऊल टाकले की पायाखालची फरशी हलताना जाणवते. पत्रा डायमध्ये ठेवायचा, पेडल दाबायचे, रॅम खाली येतो, पार्ट कापला जातो, रॅम वर जाऊन थांबतो. मग हात आत घालून पार्ट काढायचा आणि नवा पत्रा ठेवायचा. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा होते. त्यात एखाद्या वेळी वर थांबायला हवा असलेला रॅम न थांबता पुन्हा खाली येतो. याला कामगार ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. त्या क्षणी हात डायमध्ये असेल, तर बोटे जातात.

अपघातानंतरच्या अहवालात बहुतेकदा एकच ओळ असते : ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते.’ ही ओळ मला नेहमी अस्वस्थ करते, कारण तिच्यातून पुढचा अपघात टाळण्यासाठी काहीच हाती लागत नाही. रॅम का सुटला, तो अडवण्यासाठी जे बसवले होते ते का चालले नाही, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. ते पद्धतशीर विचारण्याचे एक साधन आहे. त्याचे नाव फॉल्ट ट्री, म्हणजे दोषवृक्ष.

१९६२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये एच. ए. वॉटसन यांनी ही पद्धत मांडली. त्यांच्यापुढे होती मिनिटमन क्षेपणास्त्राची प्रक्षेपण-नियंत्रण यंत्रणा, आणि धास्ती होती ती कुणी हुकूम न देताच क्षेपणास्त्र सुटण्याची. प्रेसचा प्रश्न आकाराने लहान असला तरी जात तीच आहे : हुकूम नसताना सुटणे.

हे झाड उलटे असते, गीतेतल्या अश्वत्थासारखे. मूळ वर, फांद्या खाली. सर्वांत वर एका चौकोनात आपल्याला नको असलेली घटना लिहायची, तीही नेमकी. ‘प्रेसचा अपघात’ एवढे लिहून भागत नाही. ‘हात डायमध्ये असताना रॅम खाली येणे’ असे लिहावे लागते. मग विचारायचे, हे घडण्यासाठी लगेच आधी काय घडावे लागेल? उत्तरे खाली लिहायची आणि वरच्या घटनेला एका गेटने जोडायची. सगळी कारणे एकत्र आली तरच वरची घटना घडत असेल, तर ‘आणि’ गेट. त्याचे चित्र घुमटासारखे, तळ सपाट. कोणतेही एक कारण पुरेसे असेल, तर ‘किंवा’ गेट. त्याचा तळ आत वळलेला आणि वर टोक. आणखी फोड करण्याची गरज नसलेल्या कारणापाशी थांबायचे आणि ते वर्तुळात लिहायचे. ही मूळ घटना. आकडे फक्त या वर्तुळांना द्यायचे, बाकीचे झाड ते हिशेबाने वर नेते.

आता आपली प्रेस घेऊ. ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची आहे. हवा आत गेली की क्लच पकडतो, हवा सुटली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो. हवा सोडणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह दोन आहेत, म्हणजे एक अडकला तरी दुसऱ्यातून हवा निघून जाते. डायसमोर लाइट कर्टन आहे. ही अदृश्य किरणांची जाळी असते. तिच्यात हात गेला की प्रेसने थांबायचे.

झाड असे उभे राहते :

```
हात डायमध्ये असताना रॅम खाली येणे  [आणि]
├─ रॅम विनाहुकूम खाली येणे  [किंवा]
│   ├─ ब्रेक घसरणे              ०.००२
│   ├─ दोन्ही व्हॉल्व्ह अडकणे  [आणि]  ०.०१ × ०.०१
│   └─ पेडलचा चुकीचा सिग्नल    ०.००५
├─ हात डायमध्ये असणे           ०.२
└─ लाइट कर्टनने न अडवणे  [किंवा]
    ├─ कर्टन बिघडणे             ०.००१
    └─ कर्टन बायपास केलेला असणे  ०.०२
```

यातला प्रत्येक आकडा एका शिफ्टमधली संभाव्यता आहे. हिशेब दाखवता यावा म्हणून मी हे आकडे धरले आहेत. खऱ्या कारखान्यात ते मेंटेनन्सच्या नोंदवहीतून, व्हॉल्व्ह किती वेळा बदलले आणि ब्रेक लायनिंग किती वेळा झिजले यावरून काढावे लागतात.

गेटचे गणित सोपे आहे. ‘आणि’ असेल तर गुणाकार. ‘किंवा’ असेल आणि आकडे लहान असतील, तर बेरीज पुरते. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम अडकण्याची संभाव्यता ०.०१ गुणिले ०.०१, म्हणजे ०.०००१. त्यात ब्रेकचे ०.००२ आणि पेडलचे ०.००५ मिळवले की रॅम विनाहुकूम सुटण्याची संभाव्यता ०.००७१ येते. कर्टनच्या फांदीची बेरीज ०.०२१. आता वरच्या ‘आणि’ गेटपाशी तिन्ही फांद्यांचा गुणाकार : ०.००७१ × ०.२ × ०.०२१. उत्तर सुमारे ०.००००३, म्हणजे साधारण साडेतेहतीस हजार शिफ्टमध्ये एकदा. वर्षाला ९०० शिफ्ट चालतात असे धरले, तर ३७ वर्षांतून एकदा. मॅनेजर हा आकडा पाहून फाइल बंद करील.

पण हे झाड चुकीचे आहे. कर्टनच्या फांदीत ‘कर्टनने न अडवणे’ याची दोनच कारणे लिहिली आहेत. कर्टन स्वतः काहीच अडवत नाही. हात दिसला की तो फक्त वीज तोडतो. त्यामुळे व्हॉल्व्ह हवा सोडतात आणि मग ब्रेक रॅमला धरतो. म्हणजे ब्रेक घसरत असेल, तर कर्टनने कितीही वेळेवर पाहिले तरी रॅम थांबणार नाही. दोन्ही व्हॉल्व्ह अडकले असतील तरी तेच. म्हणून या दोन घटना कर्टनखालीही यायला हव्यात. रॅम सोडणारा आणि रॅम अडवू न शकणारा ब्रेक एकच आहे. कागदावर आपण दोन पहारे समजलो होतो, पण दोघेही त्याच ब्रेकवर टांगलेले आहेत.

एकच घटना दोन फांद्यांत आली की आंधळा गुणाकार करता येत नाही. ‘ब्रेक घसरला आणि ब्रेक घसरला’ याचा अर्थ ‘ब्रेक घसरला’ एवढाच होतो, ०.००२ × ०.००२ नव्हे. म्हणून आधी अपघातापर्यंत पोचणाऱ्या कमीत कमी वाटा शोधायच्या. आपल्या झाडात त्या चार आहेत. पहिली, हात आत आणि ब्रेक घसरलेला. दुसरी, हात आत आणि दोन्ही व्हॉल्व्ह अडकलेले. तिसरी, हात आत, पेडलचा चुकीचा सिग्नल आणि बिघडलेला कर्टन. चौथी तशीच, फक्त कर्टन बायपास केलेला. आता बेरीज करू : ब्रेकचे ०.००२, व्हॉल्व्हचे ०.०००१ आणि पेडल-कर्टनच्या दोन्ही वाटांचे मिळून ०.००५ × ०.०२१, म्हणजे ०.०००१०५. एकूण ०.००२२०५. हाताच्या ०.२ ने गुणले की ०.०००४४१.

म्हणजे सुमारे २,२७० शिफ्टमध्ये एकदा. ३७ वर्षांचा अपघात अडीच वर्षांवर आला. यंत्र तेच, आकडेही तेच. फक्त एक घटना तिच्या खऱ्या जागी दुसऱ्यांदा लिहिली.

पैसे कुठे घालायचे हेही याच हिशेबातून दिसते. समजा, कर्टनच्या बायपासची किल्ली कपाटात बंद केली आणि ती चौथी वाट पूर्ण बुजवली. धोका ०.०००४४१ वरून ०.०००४२१ होतो. करायला हवेच, पण फरक नगण्य. कारण एकूण धोक्यातला नव्वद टक्के वाटा एकट्या ब्रेकचा आहे. त्याऐवजी प्रत्येक स्ट्रोकला थांबण्याचा वेळ मोजणारे मॉनिटर बसवले, लायनिंग झिजत आहे हे आधीच कळू लागले आणि ब्रेकचा आकडा ०.०००१ वर आला, तर धोका ०.००००६१ होतो, म्हणजे १८ वर्षांतून एकदा. आणि ‘हात आत’ ही घटना चारही वाटांवर आहे. चिमट्याने किंवा सरकत्या ट्रेने पत्रा भरला आणि हात आत जाण्याचे प्रमाण दहापटीने घटले, तर सगळा धोका दहापटीने उतरतो.

ब्रेक बिघडत चालला आहे हे मॉनिटर नसतानाही कळू शकते. रॅम वर थांबतो तेव्हा क्रँक घड्याळातल्या बाराच्या काट्यापाशी असायला हवा. तो रोज थोडा पुढे थांबू लागला, तर लायनिंग झिजले आहे किंवा त्यावर तेल गेले आहे. इथे दुसरी एक गोष्टही घडते. कर्टन डायपासून किती दूर बसवायचा हे ब्रेक किती वेळात लागतो त्यावरून ठरते. हाताचा वेग सेकंदाला १.६ ते २ मीटर धरतात. थांबायला ०.१ सेकंद जास्त लागू लागला की तेवढ्यात हात १६ ते २० सेंटिमीटर पुढे जातो. कर्टन जागचा हललेला नसतो, पण त्याची जागा चुकीची झालेली असते. पिन क्लचच्या जुन्या प्रेसवर तर कर्टन बसवून उपयोगच नाही, कारण एकदा पिन अडकली की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत ती प्रेस मध्ये थांबत नाही.

झाडाच्या मर्यादाही त्याच्या आकड्यांत लपलेल्या असतात. दोन व्हॉल्व्हचा ०.०१ × ०.०१ हा गुणाकार दोघे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे बिघडतात असे गृहीत धरतो. पण दोघांना हवा एकाच कॉम्प्रेसरची मिळते. त्या हवेत पाणी आणि तेलाचा गाळ असेल, तर दोन्ही व्हॉल्व्ह एकाच आठवड्यात चिकटतील. दहातला एक बिघाड जरी असा सामायिक कारणाने होत असेल, तरी ०.०००१ चे साधारण ०.००१ होते, दहापट. अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. हवा कुठून गळते हे पाहायला धरलेल्या मेणबत्तीने केबलींच्या सीलने पेट घेतला आणि वेगवेगळ्या सुरक्षा यंत्रणांच्या एकत्र गेलेल्या केबली जळाल्या.

हाताचा ०.२ हा आकडाही तपासावा लागतो. शिफ्टमधला पाचवा हिस्सा वेळ हात आत असतो, इतकाच त्याचा अर्थ. पण रॅम वर थांबला पाहिजे त्याच क्षणी ऑपरेटर पार्ट काढायला हात घालतो, आणि ब्रेक घसरल्याने होणारा डबल स्ट्रोकही नेमका तेव्हाच येतो. त्या वाटेवर ०.२ नव्हे, एकाच्या जवळपासचा आकडा धरायला हवा. तसे केले, तर अडीच वर्षांचा आकडा सहा-सात महिन्यांवर येतो.

आता अहवालातली ती ओळ पुन्हा वाचून पाहा. ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’ ही घटना आपल्या झाडात कुठेच नाही. हात आत होता, कारण पार्ट काढण्यासाठी हात आत घालणे हेच त्याचे काम होते. रोज शिफ्ट सुरू होताना रिकामा स्ट्रोक मारून क्रँक कुठे थांबला याची खूण करायला एक मिनिट लागते. ती खूण कालच्यापेक्षा पुढे सरकलेली दिसली, तर त्या दिवशी त्या प्रेसवर माणूस बसवायचा नाही.