नारिंगी ते हिरवा, आणि एक हट्टी नळी

तीन परीक्षानळ्यांत तीन ब्युटेनॉल. तिन्हींचे सूत्र एकच, C₄H₁₀O. प्रत्येकीत सल्फ्युरिक आम्ल मिसळलेले पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण घालून हलकेच गरम केले, की दोन नळ्या हिरव्या होतात. तिसरी नारिंगीच राहते.

ती तृतीयक. ऑक्सिडीकरणात OH गट धरून बसलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन निघावा लागतो. इथे त्या कार्बनला तीन कार्बन चिकटलेले, हायड्रोजन एकही नाही.

द्वितीयक ब्युटेनॉलपाशी असा एकच हायड्रोजन असतो. तो गेला की ब्युटेनोन हे कीटोन तयार होते आणि गाडी तिथेच थांबते.

खरी गंमत प्राथमिकाची. त्यापासून आधी ब्युटेनल हे अल्डिहाइड बनते. पण द्रावणातले पाणी त्याला जोडले जाते, नवे OH गट तयार होतात आणि डायक्रोमेट त्याचे ब्युटॅनोइक आम्ल करून टाकते. खवट लोण्याचा वास ही त्याची खूण!

अल्डिहाइडच हवे असेल तर? ब्युटेनल सुमारे ७५ अंशांना उकळते, अल्कोहोल ११८ला. म्हणून ते तयार होताच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढतात. त्याहून खात्रीचा उपाय पीसीसी, म्हणजे पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट. ते डायक्लोरोमिथेनमध्ये, पाण्याविना वापरतात. पाणीच नसल्याने पुढची पायरी अडते. क्रोमियमची ही संयुगे मात्र विषारी, हातमोजे हवेतच.