सुईचा मान, गोळीचा गुण

आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या एखाद्या लहान दवाखान्यात तासभर बसले, तर एक संवाद हमखास कानावर पडतो. बाकावरून उठलेली बाई म्हणते, "डाक्टर, दोन दिस झालं ताप हाय, अंग नुसतं मोडून आलंय. एक सुई टोचा, उद्या खुरपायला जायाचंय." डॉक्टर म्हणतात, "गोळ्या देतो, बरं वाटेल." त्यावर उत्तर ठरलेले असते : "गोळ्या घरात बी हायत. सुईबिगर उतरायचा न्हाई."

डॉक्टर क्षणभर थांबतात आणि सुई भरतात. या एका क्षणात काय घडते, ते नीट पाहण्यासारखे आहे.

या बाईला सर्दी आहे, घसा लाल आहे, ताप १०१ आहे. उलटी नाही, धाप नाही, पाणी पोटात टिकते आहे. तिला बहुधा टोचले जाते ते पॅरासिटामॉलच. कमरेत द्यायची त्याची नेहमीची कुपी २ मिलीलिटरची असते आणि एका मिलीलिटरमध्ये १५० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम. तिच्या घरी डब्यात पडलेली साधी गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ज्या सुईसाठी ती वेगळे पैसे मोजते, तिच्यात नाकारलेल्या गोळीपेक्षा औषध कमी असते.

"पण सुई लगेच रक्तात जाते ना?" हा प्रश्न रास्त आहे. शिरेतून दिलेले औषध खरोखरच लगेच रक्तात जाते. कमरेतली सुई मात्र स्नायूत जाते. तिथून औषध हळूहळू रक्तात झिरपते आणि त्याला वेळ लागतो. पाण्याबरोबर घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी पोटात विरघळून आतड्यातून रक्तात शिरते आणि अर्ध्या ते एका तासात तिचा अंमल सुरू होतो. दोन्ही वाटांत फरक पडला तर थोड्या मिनिटांचा. शिवाय दोहोंचा परिणाम चार-सहा तासच टिकतो. बाई रात्री पुन्हा तापली तर दवाखाना बंद असतो, पण दुसरी गोळी उशाशी असते.

अंगदुखीसाठी देतात त्या डायक्लोफेनॅकच्या सुईबद्दल आणखी एक समज आहे : गोळीने पित्त होते, सुईने होत नाही. हे औषध पोटाला त्रास देते ते मुख्यतः रक्तातून. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्ये तयार होण्यातच ते अडथळा आणते, मग ते तोंडावाटे गेलेले असो वा कमरेतून. मूत्रपिंडालाही ते दोन्ही वाटांनी सारखेच पोचते. पावसाळ्यातला ताप डेंगीचा निघाला, तर हे औषध रक्तस्रावाचा धोका वाढवते आणि प्लेटलेट घटलेल्या माणसाच्या स्नायूत टोचल्या जागी रक्त साकळू शकते.

मग लोकांना सुईने बरे वाटते, ते खोटे का? नाही. विषाणूमुळे आलेला साधा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपसूक उतरतो. दोन दिवस अंगावर काढून माणूस दवाखान्यात येतो तो नेमका उताराच्या तोंडाशी, आणि श्रेय सुईला जाते. टोचल्याची कळ, स्पिरिटचा वास आणि डॉक्टरांनी हात लावला हे समाधान, यांचाही वाटा असतो. काही ठिकाणी कारण वेगळेच असते : सिरिंजमध्ये डेक्सामेथासोन मिसळलेले असते. हे स्टेरॉइड ताप, सूज, अंगदुखी झपाट्याने दाबते आणि भूकही वाढवते. आजार मात्र आत तसाच राहतो. क्षय किंवा टायफॉइड असेल तर त्याचे निदान लांबते; मधुमेह असेल तर साखर चढते. सुईनंतर काही तासांत एकदम टवटवी यावी, रात्री झोप उडावी आणि दोन-तीन दिवसांनी ताप परत यावा, असे पुन्हापुन्हा होत असेल तर कुपीवरचे नाव विचारावे. ते कागदावर लिहून मागण्याचा रुग्णाला हक्क आहे.

सुईची किंमत केवळ पैशांची नसते. जागा चुकली तर कमरेतली मोठी शीर, म्हणजे सायटिक नस, दुखावते. लहान मुलाचे पाऊल त्याने कायमचे लुळे पडू शकते. सुई किंवा सिरिंज पुन्हा वापरली तर एकाचे रक्त दुसऱ्यात जाते. २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात हेपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. तपासाचा रोख पुन्हा वापरलेल्या सिरिंजांवरच होता.

ही श्रद्धा लोकांनी हवेतून आणलेली नाही. १९५०च्या दशकात जगभर यॉज या त्वचारोगाविरुद्ध मोहिमा निघाल्या. वर्षानुवर्षे चिघळलेले व्रण पेनिसिलिनच्या एका सुईने काही दिवसांत सुकले. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले, त्यांनी सुईला चमत्कार मानले यात नवल नाही. पुढची गोष्ट मात्र थोड्यांना ठाऊक असते. २०१२ साली पापुआ न्यू गिनीतल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तोंडावाटे दिलेली अ‍ॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा पेनिसिलिनच्या सुईइतकीच गुणकारी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी यॉज-निर्मूलनासाठी तोंडावाटे उपचार स्वीकारला. ज्या रोगाने सुईला मान मिळवून दिला, त्याच रोगात गोळीने तिची जागा घेतली.

तरीही सुई अनावश्यक नाही. तिची गरज तीन कारणांनी पडते. पहिले, तोंडाची वाट बंद असते : माणूस बेशुद्ध आहे, झटके येत आहेत, किंवा प्रत्येक घोट उलटून पडतो. दुसरे, औषध पोटात टिकतच नाही : इन्सुलिन हे प्रथिन असल्याने पाचकरस ते मोडून टाकतात. तिसरे, अर्धा तास थांबायला सवड नसते. मधमाशी चावून किंवा एखाद्या औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी येऊन श्वास कोंडला, रक्तदाब कोसळला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिलेले अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन मोठ्या माणसाला वाचवते. सर्पदंशावरची लस, गंभीर मलेरियातले आर्टेसुनेट, कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस यांना गोळीचा पर्याय नाही. तिथे "गोळीवर भागवा" म्हणणे हा गुन्हाच ठरेल.

आता पुन्हा त्या थांबलेल्या क्षणाकडे येऊ. डॉक्टरांना वाटते, सुई दिली नाही तर ही बाई समोरच्या दवाखान्यात जाईल. बाईला वाटते, सुई नाही म्हणजे डॉक्टरांनी आजार मनावर घेतला नाही. इंडोनेशियात या दोन समजुतींची समोरासमोर गाठ घालून दिली गेली. सरकारी आरोग्य केंद्रांतले औषध लिहून देणारे आणि रुग्ण यांना एकत्र बसवून सुईबद्दल बोलते केले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुई मिळणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शंभरात सुमारे ७०वरून ४२वर आले. रुग्णांचा हट्ट डॉक्टरांना वाटत होता तेवढा पक्का नव्हता, हे त्या बैठकांत उघड झाले.

म्हणून बाकावरच्या त्या बाईला नुसते "गोळ्या देतो" एवढेच सांगून भागत नाही. "ताई, तुमच्या घरातल्या गोळीत या सुईपेक्षा जास्त औषध आहे. आत्ता एक घ्या, सहा तासांनी ताप असला तर दुसरी. तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा अंगावर लाल ठिपके दिसले, तर लगेच या," एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. सुई भरायलाही तेवढीच लागतात.