सोडलेली क्वेस्ट यादीतून जाते कुठे?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये आला. एकाच जगात हजारो माणसं एकाच वेळी खेळतात, आणि त्या जगातली गावकरी, शिपाई, व्यापारी मंडळी खेळाडूला कामं सांगत असतात. अमक्या डाकूला मारून ये, तमक्या प्राण्यांची काळजं आण, या माणसाला अमुक ठिकाणापर्यंत सुखरूप पोचव. खेळणारे या कामांना ‘क्वेस्ट’ म्हणतात. घेतलेल्या क्वेस्टची यादी म्हणजे ‘क्वेस्ट लॉग’. सुरुवातीला तीत वीसच क्वेस्ट मावत, पुढे पंचवीस मावू लागल्या.

या यादीबद्दल खेळाडूंची एक जुनी तक्रार आहे. क्वेस्ट सोडून दिली तरी तिची ओळ पडद्यावर तशीच राहते. किंवा हरलेल्या क्वेस्टचा लाल शेरा भलत्याच ओळीवर जाऊन बसतो, आणि कालपर्यंत खाली असलेलं काम आज वर दिसतं. यामागची कारणं थोडी आहेत आणि समजण्यासारखी आहेत. मात्र आधी एक फरक लक्षात घ्यावा लागतो.

क्वेस्ट हरणं आणि क्वेस्ट सोडणं या खेळात एक मानलेलं नाही. वेस्टफॉल नावाच्या प्रदेशात ‘द डिफायस ब्रदरहुड’ ही क्वेस्टची एक साखळी आहे. तिच्या एका टप्प्यात टोळीतून फुटलेल्या एका माणसाला सेंटिनेल हिलपासून टोळीच्या लपण्याच्या जागेपर्यंत सांभाळून न्यायचं असतं. वाटेत तो मेला की क्वेस्ट हरली. पण ती यादीतून जात नाही. तिच्यासमोर ‘हरली’ असा शेरा येतो आणि ती तिथंच थांबते. खेळाडूने ती स्वतःच्या हाताने सोडायची, सांगणाऱ्याकडे परत जायचं आणि नव्याने घ्यायची, असा नियम आहे. म्हणजे हरलेली क्वेस्ट यादीत दिसणं ही चूक नाही, तशी योजनाच आहे. ती योजना मला योग्य वाटते, कारण काम हातचं गेलं हे खेळाडूला कळायलाच हवं. लढाईच्या धांदलीत ओळ गुपचूप नाहीशी झाली असती, तर ‘माझं ते काम कुठं गेलं?’ म्हणून तो शोधतच बसला असता. चूक आहे की नाही हा प्रश्न खरा उभा राहतो तो सोडून दिल्यानंतर.

क्वेस्ट सोडताना आत नेमकं काय होतं ते पाहायला ‘मँगोस’ उपयोगी पडतं. या खेळाच्या सर्व्हरसारखा सर्व्हर चाहत्यांनी स्वतः लिहून काढला, आणि त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. त्यात प्रत्येक खेळाडूची क्वेस्टविषयीची माहिती दोन जागी असते. एक म्हणजे लॉगमधले ठरलेले खाने. प्रत्येक खान्यात क्वेस्टचा क्रमांक, तिची अवस्था, मोजणी आणि वेळेची मर्यादा. दुसरी जागा म्हणजे त्या खेळाडूने आजवर केलेल्या प्रत्येक क्वेस्टची स्थिती सांगणारी वेगळी नोंद. खेळाडूने ‘सोडा’ म्हटलं की सर्व्हर आधी क्वेस्टसोबत दिलेली वस्तू परत घेतो. ती घेता आली नाही तर सोडण्याची विनंतीच नाकारतो. मग क्वेस्ट वेळेची असेल तर घड्याळ बंद करतो, स्थितीची नोंद पुसतो आणि शेवटी खाना रिकामा करतो.

यातली एखादी पायरी राहिली की घोळ सुरू होतो. खाना रिकामा झाला पण स्थिती पुसली नाही, तर यादीत काही दिसत नाही, आणि सांगणारा मात्र ‘हे काम तुझ्याकडे आहेच’ असं धरून ते पुन्हा देत नाही. घड्याळ चालू राहिलं, तर अर्ध्या तासापूर्वी सोडलेली क्वेस्ट अचानक ‘हरली’ म्हणून उगवू शकते. आणि स्थिती पुसूनही खाना अडलेलाच राहिला, तर ती ओळ दिसतेच, शिवाय वीसातली एक जागाही खाते. हातात खरी कामं एकोणीसच आणि तरी ‘लॉग भरला आहे’ असं उत्तर आलं, की संशय या खान्यावर घ्यावा.

क्रमाची एक गंमतही इथेच उगम पावते. मधला खाना रिकामा झाला तर खालचे खाने वर सरकत नाहीत, भोक तसंच राहतं. पुढची नवी क्वेस्ट पहिल्या रिकाम्या खान्यात बसते. सर्व्हरच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. पण एखाद्याने खान्यांच्या क्रमालाच ‘घेतल्याचा क्रम’ समजून यादी दाखवली, तर आज घेतलेलं काम गेल्या आठवड्यातल्या दोन कामांच्या मधे दिसणार.

खेळ स्वतः असं करत नाही. खेळाडूला दिसणारी यादी तो प्रदेशानुसार गट पाडून आणि गटात पातळी पाहून लावतो. घोटाळे जास्त होतात ते अॅडऑनमध्ये. अॅडऑन म्हणजे खेळाडूंनीच लुआ भाषेत लिहिलेले छोटे जोड प्रोग्रॅम. पडद्याच्या कडेला चालू कामांची पाटी दाखवणारे अॅडऑन फार लोकप्रिय आहेत. त्यांना यादी मिळते ती ओळींच्या क्रमांकाने, म्हणजे पहिली ओळ कोणती, दुसरी कोणती असं विचारत जायचं. प्रदेशांची नावं असलेल्या मथळ्यांच्या ओळीही त्याच मोजणीत येतात.

समजा एका खेळाडूची यादी अशी आहे:

```
1  Elwynn Forest
2    Wanted: "Hogger"
3  Westfall
4    Goretusk Liver Pie
5    Red Leather Bandanas
6    The Defias Brotherhood
```

सोबतचा माणूस मेला आणि सहावी ओळ हरली. अॅडऑनने ‘सहा नंबर लाल’ अशी नोंद करून ठेवली. मग खेळाडूने हॉगरला मारायचा नाद सोडला आणि दोन नंबरची क्वेस्ट काढून टाकली. एल्विन फॉरेस्टमध्ये आता काही उरलं नाही, म्हणून तो मथळाही गेला. एक क्वेस्ट सोडली आणि ओळी दोन कमी झाल्या. वेस्टफॉल एकवर आलं आणि हरलेली क्वेस्ट चारवर. लाल खूण मात्र सहावरच, जिथं आता काहीच नाही. चार नंबरला पूर्वी ‘गोरटस्क लिव्हर पाय’ होतं, म्हणून पाटीवर त्याची काळजांची मोजणी हरलेल्या क्वेस्टच्या नावाखाली लटकते. थोड्या वेळाने खेळाडू वेटलँड्समध्ये जाऊन एक नवं काम घेतो. पाचवर वेटलँड्सचा मथळा येतो, सहावर ती नवी क्वेस्ट. आणि घेताक्षणी ती लाल!

रांगेत ‘पुढून सहावा’ म्हणून माणूस लक्षात ठेवला आणि पुढचे दोघे घरी गेले, तर सहाव्या जागी भलताच माणूस सापडणार. ओळीचा क्रमांक ही क्वेस्टची ओळख नव्हे, ती फक्त त्या क्षणाची जागा. ती लक्षात ठेवायचीच नाही, दर वेळी यादी नव्याने वाचायची.

यालाही एक खाच आहे. जुन्या खेळात मथळ्यावर क्लिक करून गट मिटवता येई, आणि मिटलेल्या गटातल्या क्वेस्ट मोजणीतून गळत. वेस्टफॉलचा गट नुसता मिटवला तरी भोळ्या अॅडऑनला वाटे, तिन्ही कामं सोडून दिली. म्हणून जाणकार लेखक आधी सगळे गट उघडत, यादी वाचत आणि मिटलेले पुन्हा मिटवत.

मग ओळख कशाची धरायची? आज प्रत्येक क्वेस्टचा कायमचा क्रमांक अॅडऑनला मिळतो, त्यामुळे तोच धरावा. सुरुवातीच्या काळात तो मिळत नसे, म्हणून अनेकांनी नाव धरलं आणि ‘द डिफायस ब्रदरहुड’ने त्यांना पेचात टाकलं. त्या साखळीतल्या एकापाठोपाठ एक टप्प्यांचं नाव हेच आहे! आधीचा टप्पा संपून पुढचा मिळाला की नाव तेच, त्यामुळे जुन्या टप्प्याची नोंद नव्याच्या गळ्यात.

ओळख बरोबर धरूनही शिळी ओळ मागे राहू शकते, आणि त्याचं कारण बऱ्याचदा या तीन ओळींत असतं:

```lua
for i = 1, #list do
  if list[i].failed then table.remove(list, i) end
end
```

अॅडऑन स्वतःच्या पाटीवरून हरलेली कामं काढतो आहे. तिसरं आणि चौथं दोन्ही हरलेली आहेत असं धरा. तिसरं काढलं की चौथं सरकून तिसऱ्या जागी येतं, पण मोजणी तोवर चारवर पोचलेली असते. ते तपासलंच जात नाही, म्हणून पाटीवर राहतं. शिवाय यादीची लांबी सुरुवातीलाच मोजलेली असल्याने शेवटी रिकाम्या जागेवर हात जातो, चूक दाखवली जाते आणि काम तिथेच थांबतं. त्यापुढे पाटी नव्याने रंगवण्याची पायरी असेल तर तीही होत नाही, आणि काढलेली ओळसुद्धा पडद्यावर दिसत राहते. एकच क्वेस्ट हरलेली असताना ती यादीच्या अगदी शेवटी असेल, तर यातलं काहीच घडत नाही. म्हणून लिहिणाऱ्याच्या चाचणीत ही चूक सहज निसटते. उपाय म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं:

```lua
for i = #list, 1, -1 do
```

आता काढलेल्या जागेच्या खालचीच कामं सरकतात, आणि ती तपासून झालेली असतात.

क्रमाबद्दल आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. लुआची `table.sort` ही क्रम लावण्याची पद्धत समान पातळीच्या क्वेस्ट पूर्वीच्याच क्रमाने ठेवील याची हमी देत नाही. दोन्ही पंधराव्या पातळीच्या असतील, तर मधली एखादी क्वेस्ट सोडल्यावर त्या आपापसांत जागा बदलू शकतात. खेळाडूला वाटतं, आपण काही केलं नाही तरी यादी हलली. पातळी सारखी असेल तर क्वेस्टच्या कायम क्रमांकावरून ठरवा, एवढं तुलनेत घातलं की हे थांबतं.

आपल्या पडद्यावरची शिळी ओळ यातल्या कोणत्या जातीची, हे खेळाडूला घरबसल्या ओळखता येतं. आधी `/reload` लिहावं. त्याने पडद्याची सगळी मांडणी नव्याने उभी राहते. ओळ गेली, तर चूक पडद्यापुरती होती. गेली नाही, तर सगळे अॅडऑन बंद करून खेळाची मूळ यादी उघडावी. तिथं ओळ नसेल, तर अॅडऑनने आपल्या साठवणीत जुनी नोंद धरून ठेवली आहे आणि ती साठवण पुसावी लागेल. मूळ यादीतही ओळ असेल, तर खेळातून बाहेर पडून पुन्हा आत यावं. तरीही ती तिथंच असेल, तर खाना सर्व्हरवर अडलेला आहे, आणि तो मोकळा करणं खेळ चालवणाऱ्यांच्याच हातात असतं.